पहिल्या बिलापासूनच कराचे पैसे बाजूला काढा

आपण नुकतेच स्वतंत्रपणे काम सुरू केले आहे, म्हणून वजावटींच्या बारकाव्यांत आत्ताच शिरू नका. नवख्यांची नेहमीची चूक अशी, की बँकेत जमा झालेली रक्कम हेच ते आपले उत्पन्न समजतात.

समजा, आपण ४०,००० चे बिल दिले आणि ग्राहकाने ४,००० कर कापून ३६,००० पाठवले. नोंदवहीत उत्पन्न ४०,००० च लिहावे आणि कापलेले ४,००० 'आधीच भरलेला कर' म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवावेत. कपातीचे प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्यावे, कारण वर्षाअखेरीस ते मिळवताना दमछाक होते. या कामासाठी १०,००० खर्च झाला असेल, तर नफा ३०,००० उरतो. आपला अंदाजे दर २५ टक्के धरल्यास कर ७,५०० होतो, त्यातून ४,००० वजा जाता उरलेले ३,५०० त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावेत. दर अर्थातच आपल्या एकूण उत्पन्नानुसार बदलेल.

खर्चाच्या बाबतीत एवढे पाळा:
- प्रत्येक पावतीचा फोटो काढून त्यावर कामाचे नाव लिहा. थर्मल कागदावर छापलेल्या पावतीची अक्षरे काही महिन्यांत पुसट होऊ शकतात.
- फोन किंवा इंटरनेट घरीही वापरत असाल, तर कामापुरताच हिस्सा धरा आणि तो कसा ठरवला हे लिहून ठेवा.

महिनाअखेरीस नोंदवही बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहा. जमा रकमेत कापलेला कर मिळवूनही बिलाचा आकडा जुळला नाही, तर ग्राहकाला लगेच विचारा.