आदेशातले ‘कन्सिडर’ आणि ‘डिस्पोज्ड ऑफ’

“खानापूरजवळच्या शेताच्या वारसा नोंदीसाठी धारवाड खंडपीठात रिट केली होती. आदेशाच्या मधल्या पानावर आमचा हक्क लिहिलाय, शेवटी मात्र ‘कन्सिडर’ आणि ‘डिस्पोज्ड ऑफ’ एवढंच आहे. मग आपण जिंकलो म्हणायचं का?”

‘कन्सिडर’ म्हणजे ‘विचार करा’. उताऱ्यावर नाव चढवा, असं कोर्टाने सांगितलेलं नाही. तुमचा अर्ज तहसीलदारांनी मुदतीत निकाली काढावा, एवढंच सांगितलं आहे. अर्ज दाबून ठेवायची वाट त्याने बंद होते, म्हणून तेही थोडं नाही.

‘अलाउड’ म्हणजे मागणी मान्य, ‘डिसमिस्ड’ म्हणजे फेटाळली. ‘डिस्पोज्ड ऑफ’ म्हणजे याचिका कोर्टापुरती संपली. पदरात काय पडलं ते त्याच्या आगेमागे लिहिलेल्या निर्देशांत शोधायचं.

मधलं पान वाचताना बोलतंय कोण, हे आधी बघा. ‘लर्नेड काउन्सेल सबमिट्स’ने सुरू होणारं सगळं वकिलांचं म्हणणं असतं, न्यायाधीश ते फक्त नोंदवून घेतात. तुमचा हक्क बहुधा तिथेच लिहिलेला असेल. कोर्ट स्वतः बोलू लागतं ते ‘हॅविंग हर्ड’सारख्या शब्दांनंतर. तिथे ‘विदाउट एक्सप्रेसिंग एनी ओपिनियन ऑन द मेरिट्स’ आढळलं, तर हक्काबद्दल कोर्टाने मत दिलेलंच नाही.

आता ‘कन्सिडर’. याचे दोन अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एपीएसआरटीसी विरुद्ध जी. श्रीनिवास रेड्डी या निकालात वेगळे केले आहेत. कोर्टाने जुना नकार तपासून, कारणं देऊन रद्द केला असेल आणि मग ‘कन्सिडर’ म्हटलं असेल, तर अधिकाऱ्याला त्या कारणांच्या चौकटीतच निर्णय द्यावा लागतो. तेव्हा मधली पानंही शेवटच्या आदेशाइतकीच जपायची. पण अर्ज नुसताच पडून होता म्हणून ‘कन्सिडर’ म्हटलं असेल, तर कायद्याला धरून होकार किंवा नकार, दोन्ही देता येतात. तुमचा आदेश मला या दुसऱ्या प्रकारचा वाटतो.

मुदतीची ओळ सावकाश वाचा. ‘एट वीक्स फ्रॉम द डेट ऑफ रिसीट ऑफ अ सर्टिफाइड कॉपी’ असं असेल, तर आठ आठवडे निकालाच्या तारखेपासून मोजायचे नसतात. तहसीलदारांच्या हाती नक्कल पडेपर्यंत ते सुरूच होत नाहीत, आणि पुष्कळ लोक इथेच नुसते वाट बघत बसतात. प्रमाणित नक्कल अर्जासोबत तहसील कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.

मुदत उलटूनही निर्णय झाला नाही, तर अवमान याचिका करता येते. अवमान झाल्यापासून एका वर्षाच्या आत. पण तहसीलदारांनी कारणं देऊन नकार दिला, तर तो अवमान होत नाही. त्यावर कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या कलम १३६ खाली असिस्टंट कमिशनरांकडे अपील करायचं.