आधी स्क्रीनची वायर कुठे जाते ते बघ

म्हापशाहून पणजीला बसने जाताना बॅटरी अर्धी संपते म्हणतोस, तर लॅपटॉप बिघडलाय असं लगेच समजू नकोस. स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायची ते ठरवणारा मक्स स्विच बहुतेक तू गेमसाठी डिस्क्रीट मोडवर टाकलास आणि तसाच ठेवलास. नवीन लोकांची ही सगळ्यात नेहमीची चूक. मीही केलीय.

हायब्रिड मोडमध्ये स्क्रीन प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सला जोडलेली असते. वेगळं मोठं ग्राफिक्स कार्ड गेमचं चित्र तयार करतं, पण ते छोट्याच्या हातून स्क्रीनवर जातं. या फेऱ्यात थोडा वेळ जातो. मात्र गेम बंद केला की मोठं कार्ड झोपतं, म्हणून बॅटरी टिकते. मक्स डिस्क्रीटवर फिरवला की स्क्रीन थेट मोठ्या कार्डाला जोडली जाते. फेरा वाचतो, पण कार्ड सतत जागं राहतं.

वेगातला फरक जास्त दिसतो तो सेकंदाला खूप फ्रेम मिळणाऱ्या हलक्या शूटर गेममध्ये. जड गेम चाळीस-पन्नास फ्रेमवर चालत असेल तर फारसा नाही.

आता एवढंच कर:

- कॉलेजला निघताना हायब्रिड, घरी चार्जर लावून खेळताना डिस्क्रीट. बहुतेक लॅपटॉपना बदलताना रीस्टार्ट लागतो.
- वेगाची तुलना चार्जर लावूनच कर. बॅटरीवर कार्डाची वीजच कमी केलेली असते, मग मक्स फुकट बदनाम होतो.

आणि पावसात लाईट गेली तर गेम बंद करून आधी हायब्रिडवर ये.