कंपनीची स्थापना तारीख: एमसीएवर एक, वेबसाइटवर दुसरी

प्रश्न: एका सप्लायरच्या वेबसाइटवर ‘२००९ पासून सेवेत’ लिहिलंय आणि ऑनलाइन बघितलं तर कंपनी २०१९ची दाखवतंय. नक्की तारीख कुठे मिळेल आणि असा फरक कसा काय पडतो?

उत्तर:

मी अकाउंट्सचं आणि कंपन्यांचे फॉर्म भरायचं काम करतो, त्यामुळे हा घोळ वरचेवर बघतो. बहुतेक वेळा दोन्ही तारखा खऱ्याच असतात, फक्त एक धंद्याची असते आणि दुसरी कंपनीची.

नक्की तारीख हवी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या mca.gov.in वर जाऊन ‘View Company/LLP Master Data’ उघडा, लॉगिन मागितलं तर फुकट खातं उघडता येतं. तिथे नाव किंवा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, टाकला की ‘Date of Incorporation’ समोर दिवस, महिना, वर्ष सगळं दिसतं आणि कायद्याने कंपनीचा जन्म त्याच दिवशीचा. वर्षापुरतं काम असेल तर पोर्टलचीही गरज नाही, सप्लायरच्या लेटरहेडवर २१ अक्षरांचा सीआयएन असतो त्यातच वर्ष लिहिलेलं असतं. किर्लोस्कर ब्रदर्सचाच घ्या:

```
L29113PN1920PLC000670
```

सुरुवातीचा L म्हणजे शेअर बाजारात लिस्टेड, मग उद्योगाचा पाच आकडी कोड, PN म्हणजे पुणे आणि त्यापुढचं 1920 हे नोंदणीचं वर्ष. आता लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते १८८८ साली, किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये, आणि लिमिटेड कंपनी म्हणून नोंदणी झाली १५ जानेवारी १९२० ला. म्हणून १८८८ सांगणाराही बरोबर आणि १९२० सांगणाराही, पण तुम्ही ज्या कंपनीशी करार करणार तिचं वय १९२० पासूनच मोजायचं.

तुमच्या सप्लायरचंही बहुधा असंच असणार, आधी मालकाच्या नावावर किंवा भागीदारीत धंदा आणि नंतर प्रायव्हेट लिमिटेड. माझ्या ओळखीतल्या एका वर्कशॉपवाल्यांचं डिट्टो हेच झालं, भोसरीत २००९ पासून प्रोप्रायटरशिप आणि कंपनी काढली मे २०१९ मध्ये. कंपनी निघाली तरी बँकेत खातं उघडायलाच दोन-अडीच महिने गेले, मग भागधारकांनी शेअरचे पैसे भरले आणि ऑक्टोबरमध्ये INC-20A हा फॉर्म गेला, कारण २ नोव्हेंबर २०१८ नंतर निघालेल्या शेअर भांडवलाच्या कंपनीला हे डिक्लेरेशन दिल्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही आणि त्याला नोंदणीपासून १८० दिवसांची मुदत असते. कंपनीच्या नावाचं पहिलं बिल फाटलं नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एकाच धंद्याच्या चार तारखा झाल्या, २००९, मे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर! पुढे एका टेंडरमध्ये ‘कंपनी स्थापनेला किमान पाच वर्षं’ अशी अट होती, यांनी २००९ धरून फॉर्म भरला आणि बाद झाले. वाईट वाटलं कारण माणसं कामाची होती, अनुभवही खरा होता, पण अट कंपनीच्या वयाची होती.

धंदा प्रत्यक्ष कधी सुरू झाला ते मात्र एमसीएवर थेट कळत नाही. INC-20A ची तारीख म्हणजे फक्त मार्ग मोकळा झाल्याची तारीख, बिल दुसऱ्या दिवशी फाटेल नाहीतर सहा महिन्यांनी. त्यासाठी सप्लायरकडे पहिलं बिल, बँक स्टेटमेंट आणि पहिल्या वर्षाचा ताळेबंद मागा. आणि जीएसटीच्या तारखेवर तर अजिबात विसंबू नका, जुन्या असंख्य धंद्यांची तिथे ०१/०७/२०१७ हीच तारीख दिसते कारण जीएसटीच त्या दिवशी लागू झाला.

अजून एक ठिकाण जिथे लोक हमखास फसतात. कंपनीने नाव बदललं की रजिस्ट्रार नवीन सर्टिफिकेट देतो आणि त्यावर नाव बदलल्याची तारीख ठळक असते, ती स्थापनेची नव्हे. प्रायव्हेटची पब्लिक झाली तरी तसंच, सीआयएनमध्ये PTC चं PLC होतं पण वर्ष तेच राहतं. भागीदारी फर्मची कंपनी केली तर मात्र वर्ष नवंच लागतं, जुनं मिळत नाही. शंका असेल तर सप्लायरला कंपनीच्या पॅन कार्डाची कॉपी मागा, माणसाच्या कार्डावर जिथे जन्मतारीख असते तिथे कंपनीच्या कार्डावर स्थापनेची तारीख असते, ती मास्टर डेटाशी जुळवून बघा. तरीही जुळलं नाही तर एमसीएवरच १०० रुपये भरून त्या कंपनीची कागदपत्रं उघडता येतात, त्यात मूळ सर्टिफिकेट शोधा. २००९ चा पुरावा हवा असेल तर तो एमसीएवर नाही मिळणार, जुन्या फर्मचं शॉप अ‍ॅक्ट लायसन्स किंवा भागीदारीचा करारनामा मागा.