एमजीएफवरून पॉयसाँच्या बेरजेचं वितरण कसं ओळखायचं?

प्रश्न: X आणि Y स्वतंत्र पॉयसाँ आहेत, सरासरी २ आणि ३. एमजीएफ वापरून X+Y चं वितरण, सरासरी आणि व्हेरियन्स कसे काढू?

उत्तर: पॉयसाँचा एमजीएफ `M(t) = e^(λ(e^t − 1))`. स्वतंत्र असल्यामुळे दोन्हींचा सरळ गुणाकार करायचा, घातांकांची बेरीज होते आणि `e^(5(e^t − 1))` मिळतं, म्हणजे λ=5 वाला पॉयसाँच, कारण शून्याच्या आजूबाजूला एमजीएफ सारखा असेल तर वितरणही तेच असतं.

आता `M'(0) = 5` ही सरासरी, `M''(0) = 5 + 25 = 30`, आणि बरेच जण इथेच ३० ला व्हेरियन्स समजून थांबतात, पण ते E(S²) आहे (S म्हणजे X+Y), त्यातून सरासरीचा वर्ग २५ वजा केला की व्हेरियन्स ५.

स्वतंत्र नसतील तर गुणाकार चालत नाही हां. Y=X घेतलं तर बेरीज 2X, सरासरी ४ पण व्हेरियन्स ८, म्हणजे पॉयसाँ नाहीच.