लागूंची उडी, 'पॅराशूट' आणि तुमचा गृहकर्जाचा हप्ता

प्रश्न: माझे वय 43, पुण्यात आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. हातात 1,65,000 रुपये येतात, पत्नीला सहकारी बँकेत 55,000. हप्ता धरून घरखर्च 1,15,000. गृहकर्ज 19 लाख बाकी, हप्ता 38,000. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून 42 लाख, पीएफ 24 लाख. मुलगी नववीत. सध्याच्या कंपनीत कायम नोकरीची सव्वाचार वर्षे झाली. डॉ. लागूंचे 'लमाण' आणि 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' वाचल्यापासून नोकरी सोडून बी.एड. करून गणिताचा शिक्षक व्हावे असे वाटते आहे. शाळेत 30,000 मिळतील असा अंदाज आहे. आत्ताच राजीनामा देऊ का?

उत्तर: आत्ताच देऊ नका, साधारण एक वर्षाने द्या. या एका वर्षाने तुमचे गणित किती बदलते, ते पाहण्याआधी तुम्ही वाचलेल्या दोन पुस्तकांविषयी थोडे लिहितो, कारण तुमचा निर्णय त्यांच्यावर उभा आहे आणि दोन्ही पुस्तके पैशाच्या दृष्टीने जपून वाचावी लागतात.

डॉ. श्रीराम लागू 1969 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ नट झाले. वय जुळते म्हणून ही गोष्ट तुम्हाला आपली वाटली असेल. पण ते कॉलेजच्या दिवसांपासून नाटकात होते आणि पुण्यात व टांझानियात डॉक्टरकी करण्याच्या काळातही रंगभूमीशी त्यांचे नाते तुटलेले नव्हते. म्हणजे नव्या क्षेत्रातली उमेदवारी जुन्या क्षेत्राच्या उत्पन्नावर आधीच होऊन गेली होती. दुसरे असे की शल्यविशारदाची पदवी दोन-तीन वर्षांत शिळी होत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरला मात्र तीन वर्षांच्या खंडानंतर त्याच पगारावर परत घेतील, असे गृहीत धरता येत नाही. कोणतेही आत्मचरित्र वाचताना मी समासात एकच प्रश्न लिहितो: या पानावर घर कोणाच्या पैशावर चालले आहे? बहुतेक पुस्तकांत त्याचे उत्तर एखाद्या ओळीत उरकलेले असते, आणि आपल्याला नेमकी तीच ओळ हवी असते.

'पॅराशूट'चे लेखक रिचर्ड बोल्स हे मुळात धर्मोपदेशक होते. 1968 मध्ये त्यांची स्वतःची नोकरी गेली आणि 1970 मध्ये त्यांनी हे पुस्तक स्वखर्चाने छापले. ज्या क्षेत्रात जायचे तिथल्या माणसांना प्रत्यक्ष भेटून विचारा, हा त्यांचा आग्रह तुमच्या फार उपयोगाचा आहे. खासगी शाळांतल्या चार-पाच शिक्षकांना गाठून हातात येणारा पगार किती आणि उन्हाळी सुटीचा पगार मिळतो का, हे दोन प्रश्न विचारा. 30,000 हा तुमचा आकडा दहा महिन्यांचाच निघाला, तर वर्षाची सरासरी महिना 25,000 होते. अनुदानित शाळांच्या भरतीला वयोमर्यादा असते, म्हणून ती वाट मी हिशेबात धरलेली नाही.

अशा अमेरिकी मार्गदर्शकांमागे तिथला कायदा मात्र गृहीत असतो. नोकरी सोडल्यावरही कंपनीचा आरोग्यविमा पूर्ण हप्ता स्वतः भरून साधारण दीड वर्ष चालू ठेवण्याचा हक्क तिथे वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत मिळतो. आपल्याकडे शेवटच्या दिवसाबरोबर समूह विम्याचे छत्र सहसा जाते. म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात घ्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तो अर्जात स्पष्ट लिहा. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, आणि त्यातले पहिले वर्ष कंपनीचा विमा हाताशी असतानाच सरेल. मुदतीचा विमा अपुरा असेल तर तोही आत्ताच वाढवा, कारण विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि बी.एड.च्या विद्यार्थ्याकडे तो नसतो.

आता हिशेब. बी.एड. दोन वर्षांचे, त्यानंतर नोकरी मिळेपर्यंत सहा महिने, असे 30 महिने पगाराविना धरू. आज राजीनामा दिलात तर दरमहा 60,000 कमी पडतील, म्हणजे 18 लाख. फी दीड लाख आणि आरोग्यविम्याचे सव्वा लाख धरले तर सुमारे पावणे एकवीस लाख खर्ची पडतील. 42 पैकी 21 लाख उरतील, त्या वेळी कर्ज अजून 11 लाखांच्या आसपास असेल आणि शिक्षकाचा पगार सुरू झाल्यावरही महिन्याला 30,000 बचतीतूनच काढावे लागतील. मुलगीही तेव्हा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर असेल.

एक वर्ष थांबलात तर दरमहा 1,05,000 शिल्लक पडायला हवेत. ते सगळे कर्जात भरा. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावर दंड नसतो. व्याजदर साडेआठ टक्के धरला तर वर्षअखेर कर्ज 3 लाखांच्या आसपास येते, आणि तेवढे एफडीतून फेडून खाते बंद करता येते. मग घरखर्च 77,000 होतो, तीस महिन्यांची तूट दरमहा 22,000 प्रमाणे 6 लाख 60 हजार होते, आणि फी व विमा धरूनही सुमारे 30 लाख शिल्लक राहतात. पुढे 55,000 अधिक 30,000 एवढ्यात घर भागते. पगार 25,000 निघाला तरी भागते, फक्त ओढाताणीने. यात मी महागाई धरलेली नाही आणि गुंतवणुकीवरचा परतावाही धरलेला नाही.

या योजनेची एक खूण लवकर दिसेल. तीन महिन्यांत कर्जात सव्वातीन लाखांच्या जवळपास जादा भरणा झाला नसेल, तर तुमचा घरखर्च 1,15,000 नाही. वार्षिक फी, गाडीचा विमा, सणवार यांतले काही धरायचे राहिले आहे. तसे असेल तर वरचे सगळे आकडे नव्याने मांडा.

थांबण्याचे आणखी एक कारण ग्रॅच्युइटीचे. कायम कर्मचाऱ्याला ती पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते आणि तुमची नऊच महिन्यांनी होतात. मूळ वेतन 75,000 धरले तर 15 भागिले 26, गुणिले पाच वर्षे, या हिशेबाने सुमारे 2 लाख 16 हजार होतात. फी आणि विम्याचा बराचसा खर्च त्यातूनच निघेल. पीएफला हात लावू नका. मात्र नोकरी सुटल्यानंतर त्यावर जमा होणारे व्याज करपात्र ठरते, हे विवरणपत्र भरताना लक्षात ठेवा.

राहिली उमेदवारी. बी.एड.ला वर्गात 80 टक्के आणि शाळेतल्या सरावकाळात 90 टक्के उपस्थिती लागते, त्यामुळे ते नोकरी सांभाळून होत नाही. शिवाय अभियांत्रिकीच्या पदवीवर प्रवेश घेणार असाल तर 55 टक्के गुण लागतात, तेव्हा गुणपत्रिका आधी काढून पाहा. दरम्यान या वर्षी शनिवार-रविवार एखाद्या संस्थेत आठवी-नववीच्या मुलांना विनामोबदला गणित शिकवा. पैसे घेणार असाल तर नियुक्तिपत्रातले बाहेरच्या कामाचे कलम वाचून कंपनीची लेखी परवानगी घ्या. सहामाहीपर्यंत तीच उदाहरणे चौथ्यांदा समजावून सांगताना कंटाळा आला नाही, तर बी.एड.च्या सीईटीचा अर्ज भरा. राजीनाम्याचा नोटीस काळ प्रवेश पक्का झाल्यावर आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतर सुरू करा.