फोटोवरून पपई ओळखताना

पिवळी म्हणजे पिकलेली आणि डागाळलेली म्हणजे उतरलेली, ही घाई सोडा. सुकलेल्या चिकाचे तपकिरी ओघळ आणि वरवरचे ओरखडे निरुपद्रवी असतात. खोलगट, गोल, काळपट डाग मात्र बुरशीचे; त्यांच्या कडेची साल ओलसर दिसली तर फळ उतरलंच समजा.

मऊपणा फोटोत दाबून बघता येत नाही, म्हणून देठाजवळच्या सुरकुत्या आणि टेकलेल्या बाजूचा चपटेपणा शोधा.

कापलेल्या फळात रंगावर विसंबू नका. रेड लेडी जातीचा गर लालसर, काही जातींचा पिकल्यावरही पिवळाच. कड बघा: पिकलेल्या फोडीची धारदार राहते, उतरलेलीची ढासळते. उतरलेल्या फळात बियांच्या पोकळीलगतचा गर पाणी मुरल्यासारखा, काचेसारखा दिसतो.