फोडणीचा वास आणि ४ जुलै

ताई, माझी पाळी नियमित, ३२ दिवसांनी येते. मागची २ जूनला आली होती. परवापासून, म्हणजे २४ जूनपासून, छाती ठणकतेय, फोडणीच्या वासाने मळमळतं आणि ऐरोलीहून ठाण्याला पोचेपर्यंत लोकलमध्ये डोळे मिटतात. सासूबाई म्हणतात, दिवस राहिलेत. टेस्टआधी कसं ओळखू?
– ऐरोलीची वाचक

अगं, आधी कॅलेंडर काढ. तुझी पुढची पाळी ४ जुलैला यायला हवी. स्त्रीबीज सुटतं ते येणाऱ्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे तुझं २० जूनच्या आसपास. (मागच्या पाळीपासून चौदा दिवस मोजणं २८ दिवसांच्या पाळीलाच जमतं, तुला नाही.) त्यानंतर गर्भ राहिलाच, तरी तो गर्भाशयात रुजायला बहुधा ८ ते १० दिवस जातात. तोवर २८-३० जून उजाडेल. टेस्टमध्ये दिसणारं एचसीजी हार्मोन गर्भ रुजू लागल्यावरच अंगात येतं.

मग २४ तारखेला छाती कशाने ठणकली? प्रोजेस्टेरॉनने. बीज सुटल्यावर हे हार्मोन दर महिन्याला वाढतं, दिवस राहोत वा न राहोत. त्यानेच छाती जड होते, झोप येते, पचन मंदावून मळमळतं. म्हणून सासूबाईंचं म्हणणं पुढे खरंही ठरेल, पण या लक्षणांवरून ते आज कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरांनासुद्धा.

फरक कळतो तो नंतर. दिवस राहिले नसतील तर हे हार्मोन उतरतं, पाळी येते आणि एक-दोन दिवसांत छाती हलकी होते. राहिले असतील तर ४ जुलै उलटूनही दुखणं टिकतं. गरोदरपणातली मळमळ बहुतेकींना पाळी चुकल्यावरच सुरू होते. तेव्हा आजच्या मळमळीवर फार भिस्त ठेवू नकोस.

५ जुलैला सकाळच्या पहिल्या लघवीने टेस्ट कर. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच रेघ बघ. त्या वेळेत फिकट दुसरी रेघ आली तरी ती धर. तासाभराने उमटलेली धरू नकोस. एकच रेघ आली आणि पाळीही नाही, तर आठवड्याने पुन्हा कर, कारण कधीकधी बीजच उशिरा सुटलेलं असतं. नेहमीपेक्षा अगदी थोडंच रक्त गेलं तर त्याला पाळी समजून सोडून देऊ नकोस, टेस्ट करच.

तोवर अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घे, आयबुप्रोफेन नको. आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला कळ आली, तर टेस्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ. गर्भ नळीत रुजला तर असं होतं.